नळी फुटली त्या दिवशीचे फोटो आणि पावत्या

(संस्थेच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं की काका, तुम्ही बँकेत होता, तुम्ही विम्यावर बोला. मी म्हटलं, विमा हा फार मोठा विषय आहे, त्यावर बोललो तर लोक चहा प्यायला उठतील ते परत येणार नाहीत. त्यापेक्षा माझ्याच घरात पाणी झालं, त्याचा क्लेम मी कसा केला, त्यात काय मिळालं आणि काय गेलं, तेवढंच सांगतो. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी त्या दिवशी माझ्या घरातलं पाणी जिन्यावरून उतरताना बघितलं आहे, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नाही.

२०२३ सालचा मे महिना. आम्ही दोघं लग्नासाठी नाशिकला गेलो होतो. पहाटे आपल्या वॉचमनला जिन्यावर पाणी दिसलं. सेक्रेटरींचा मला फोन आला, शेजारी किल्ली होती, त्यांनी दार उघडलं. किचनमध्ये सिंकच्या खाली, अँगल कॉकपासून नळाला जाणारी जी स्टीलची जाळी असलेली लवचिक नळी असते, ती नटाजवळ मानेतच तुटली होती. टाकी रात्री भरलेली, प्रेशर पूर्ण. किती तास वाहिलं देव जाणे. हॉल, किचन, एक बेडरूम, सगळीकडे पाणी.

आता पुढे जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही, हे आधी कबूल करतो. खालच्या मजल्यावरचा मुलगा, तेव्हा बारावीत होता, तो सेक्रेटरींबरोबर आत गेला. त्याने मला फोनवर विचारलं, "काका, कॉक आधी बंद करू की शूटिंग करू?" मी म्हटलं, "आधी बाहेरच्या मीटरवरून लाईट बंद कर, मग पाण्यात पाय टाक. आणि कॉक बंद करण्याआधी पाच-दहा सेकंद शूटिंग घे." त्याने सात सेकंदांचा व्हिडिओ घेतला. त्यात सिंकखालून पाण्याची चिळकांडी उडते आहे, ट्रॉलीच्या दारावर आपटते आहे, आणि खाली जमिनीवर पाणी आहे, एवढं दिसतं. मग कॉक बंद केला. त्या सात सेकंदांवर माझा सगळा क्लेम उभा राहिला. तो कसा, ते सांगतो.

माझी पॉलिसी 'भारत गृह रक्षा' या नावाची आहे. ही काही एका कंपनीची नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मसुद्याची घरगुती पॉलिसी द्यायला लावली, ती ही. त्यात आग, भूकंप, पूर, वीज वगैरे जोखमी आहेत आणि त्याच यादीत एक ओळ आहे: पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं. घर एवढ्या रकमेचं असेल तर घरातल्या सर्वसाधारण सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, असं संरक्षण आपोआप असतं. सोनं, मौल्यवान वस्तू यांचं वेगळं.

त्या ओळीत 'फुटणं' हा शब्द आहे, 'झिरपणं' नाही. आपल्या सोसायटीत जिकडे बघाल तिकडे ओल आहे. बाथरूमच्या भिंतीला बुरशी, छताला पिवळे डाग, पावसाळ्यात पोपडे. हे सगळं हळूहळू झालेलं नुकसान, म्हणजे देखभालीचा प्रश्न, आणि विमा कंपनी ते देत नाही. म्हणून सर्व्हेअर तुमच्या घरात पाय टाकतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हे अचानक फुटलं की आधीपासून गळत होतं? बिल किती हा प्रश्न नंतरचा. तुमच्या फोटोंनी या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तर ओल्या गादीचे शंभर फोटो काढून काही उपयोग नाही.

मी बँकेत असताना भिवंडीच्या लूमवाल्यांच्या कॅश क्रेडिटच्या खात्यांसाठी स्टॉक तपासायला जायचो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतरचे दिवस आठवतात. कापडाच्या गाठी भिजलेल्या, बीम चिखलात. वास सहन होत नव्हता म्हणून काही जणांनी दुसऱ्याच दिवशी ट्रक बोलावून माल फेकून दिला. माल गेला तसा पुरावाही गेला. सर्व्हेअर आला तेव्हा दाखवायला रिकामी जागा. ज्यांनी गाठी तशाच राहू दिल्या, मोजल्या, रजिस्टर सुकवून ठेवलं, त्यांच्याशी बोलणं सोपं झालं. तेव्हा मोबाईलमध्ये कॅमेरे फारसे नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी आपण पहिलं काम करतो ते म्हणजे फडकं घेऊन पुसायला लागतो.

दुपारी आम्ही शेलारला पोचलो. आमच्या सौ.ने पदर खोचला आणि म्हणाली, "आधी पाणी काढा, फोटो काय करायचेत!" मी म्हटलं, अर्धा तास दे. तोपर्यंत पाणी बाहेर लोटण्यापुरतं लोटलेलं होतंच. नुकसान वाढू न देणं ही तर तुमची जबाबदारीच आहे, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. पाणी तसंच ठेवून सर्व्हेअरची वाट बघत बसलात तर उलट तेच तुमच्या अंगाशी येईल. पण वस्तू हलवण्याआधी मी फोटो काढले.

क्रम असा ठेवला. आधी मुख्य दाराबाहेरून, फ्लॅट नंबरच्या पाटीसकट एक फोटो. मग दारातून आत हॉल, मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून. त्यामुळे नंतर कुठलाही जवळचा फोटो कुठल्या खोलीतला हे सांगता येतं. नुसत्या फुगलेल्या प्लायचा जवळून फोटो काढला तर तो माझ्या घरातला की दुसऱ्याच्या, कसं कळणार? म्हणून प्रत्येक वस्तूचे दोन फोटो: एक दोन पावलं मागून, एक जवळून. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ होती, तिथे शिंप्याची टेप उभी धरून फोटो काढला. सगळीकडे साधारण तीन सेंटिमीटर. ही रेघ फार बोलकी असते, कारण झिरपणाऱ्या ओलीला अशी सरळ रेघ नसते, ती ढगासारखी पसरते. भिंत वाळली की ही रेघ दोन दिवसांत दिसेनाशी होते.

माझ्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर जुनी ओल होती, चार वर्षांची. तिचाही फोटो मी काढला आणि सर्व्हेअरला स्वतःहून दाखवला, 'ही जुनी आहे, ही मागत नाही.' काही लोक म्हणाले, कशाला सांगायचं, तेवढाच रंग निघाला असता. पण त्याला ती भिंत दिसणारच होती. त्याने ती बघून किचनचीही ओल जुनीच आहे असं धरलं असतं तर? ती वेगळी दाखवली, म्हणून बाकीचं नवीन आहे यावर त्याचा विश्वास बसला.

आता नळी. मी पोचलो तेव्हा प्लंबरने नवी नळी बसवली होती आणि जुनी कचऱ्याच्या बादलीत टाकली होती. मी ती बादलीतून काढली. तिचा पितळी नट चिरलेला होता, चीर ताजी, आतून चकचकीत. गळती जुनी असती तर तिथे पांढरट-हिरवट क्षार जमलेले दिसले असते. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवली. सर्व्हेअरने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, फोटो काढला, आणि मग व्हिडिओ बघितला. दोन मिनिटांत कारणाचा विषय संपला. प्लंबरला सांगून ठेवा, बाबा, काढलेला तुकडा दे, भंगारात टाकू नकोस.

तिसरा आधार मला सोसायटीने दिला. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'सकाळी ५.४०, जिन्यावर पाणी, अमुक फ्लॅट' अशी नोंद होती. सेक्रेटरींनी त्या पानाची प्रत आणि लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं. माझं स्वतःचं म्हणणं एक आणि तिऱ्हाइताची वेळेची नोंद एक, यात फरक असतो. वॉचमनला आपण उगाच बोलतो, पण त्याचं ते एक वाक्य कामाला आलं.

फोटोंबद्दल आणखी एक अनुभव. मुलाने तो व्हिडिओ मला व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला, आणि मी तोच पुढे कंपनीला पाठवला. व्हॉट्सअॅप फोटो-व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात दडलेली तारीख-वेळ, जागेची माहिती काढून टाकतं. कंपनीकडून विचारणा आली की मूळ फाइल द्या. नशिबाने मुलाने फोनमधून काढून टाकलेली नव्हती. मग त्याने तीच फाइल व्हॉट्सअॅपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तशी पाठवली की ती जशीच्या तशी येते. म्हणून क्लेम पूर्ण मिटेपर्यंत मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या, त्यावर बाण-गोल काढू नका, कापू नका. बाण काढायचेच तर प्रतीवर काढा. तारीख आणि जागा फोटोवरच छापणारी अॅप असतात, सर्व्हेअर मंडळी तीच वापरतात. ती वापरली तरी हरकत नाही.

आणि फोटो एकदाच काढून भागत नाही. पहिल्या दिवशी बेडरूमचं कपाट मला ठीक वाटलं होतं. पाचव्या दिवशी खालचा प्लाय फुगला, सनमायका सुटला, दार लागेना. प्लाय आणि एमडीएफ पाणी पितात आणि नंतर सुजतात. पहिल्या दिवशीचा कपाटाखाली पाणी असल्याचा फोटो आणि पाचव्या दिवशीचा फुगल्याचा फोटो, दोन्ही शेजारी ठेवले म्हणून ते मान्य झालं. रंगाचे पोपडेही आठवड्यानंतर सुटायला लागतात.

फोन मी त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर केला. क्लेम नंबर मिळाला, तो वहीत लिहिला. कुणाशी बोललो, किती वाजता, हेही लिहिलं. लेखी क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत मी भिजलेली गादी आणि ट्रॉलीची फुगलेली दारं गच्चीच्या पॅसेजमध्ये ठेवली होती. काही सभासदांनी त्यावर कुरकुर केली, ती योग्यच होती. पण भंगारवाल्याला दिली असती तर 'वस्तू तपासायला मिळाली नाही' असा शेरा पडला असता.

आता पावत्या. पावत्या दोन प्रकारच्या लागतात, आणि लोक त्यात गोंधळ करतात. एक, वस्तू तुमची होती आणि केवढ्याची होती याची जुनी पावती. दुसरी, दुरुस्तीला खर्च आला त्याची नवी पावती.

जुन्या पावत्या कोणाकडे असतात? माझ्याकडेही सगळ्या नव्हत्या. गादी ऑनलाइन घेतलेली होती, त्या वेबसाइटच्या जुन्या ऑर्डरमध्ये बिल मिळालं. ट्रॉलीचे पैसे मी चेकने दिले होते, पासबुकात नोंद निघाली. आणि दिवाळीतल्या एका फोटोत मागे किचनची ट्रॉली धडधाकट दिसत होती, तोही दिला. दुकानात मिळणारी जी गुळगुळीत कागदाची पावती असते, ती वर्ष-दोन वर्षांत पांढरी होते, म्हणून घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढायचा किंवा झेरॉक्स.

नव्या पावत्यांमध्ये मी चुकलो. सुताराने एका कागदावर 'एकूण ३८,५००' एवढंच लिहून दिलं. सर्व्हेअरने विचारलं, यात प्लाय किती, मजुरी किती, चॅनेल किती? मग परत सुताराला गाठलं आणि तपशीलवार बिल घेतलं. दुरुस्तीआधी अंदाजपत्रक, दुरुस्तीनंतर बिल, आणि पैसे दिल्याची पावती, अशी तीन कागदांची साखळी हवी. ५,००० च्या वरच्या पैशांच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लागतं हे आमच्या पिढीला ठाऊक आहे, नव्या मुलांना नाही. प्लंबर, रंगारी यांच्याकडे छापील बिलबुक नसतं. मग साध्या कागदावर त्याचं नाव, मोबाईल, पत्ता, केलेलं काम, तारीख, रक्कम, सही. आणि पैसे शक्यतो यूपीआयने द्यायचे, म्हणजे रक्कम आणि तारीख खातेउताऱ्यात आपोआप येते. रोख दिले आणि कागद नाही, तर तो खर्च तुम्ही केलाच नाही असं धरलं जातं.

इन्व्हर्टरची गोष्ट जरा वेगळी. तो जमिनीवर होता, पाणी आत गेलं. सर्व्हिसवाल्याने जॉबकार्डवर लिहिलं 'शॉर्ट'. बस, एवढाच शब्द. पॉलिसीत शॉर्ट सर्किटने यंत्राचं स्वतःचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे, त्यामुळे कंपनीने ती रक्कम नाकारली. मी त्या माणसाला परत बोलावलं, म्हटलं, तुला आत काय दिसलं तेच लिही. त्याने बोर्ड उघडून दाखवला, पाण्याची रेघ आणि गंज. त्याने लिहिलं, 'पाणी शिरल्याने बोर्ड खराब'. सोबत बोर्डाचा फोटो. मग ती रक्कम मंजूर झाली. त्याला खोटं लिहायला सांगितलं नाही, अर्धवट लिहिलेलं पुरं करायला सांगितलं.

आता हिशेब. मी मागितले ८२,२५०. मिळाले ६९,५००. मधले १२,७५० कुठे गेले? ट्रॉलीत सुताराने नव्या पद्धतीचे महाग चॅनेल घातले होते, पूर्वी साधे होते. वाढीव ७,००० कापले. बरोबर आहे, विमा होतं ते परत देतो, जास्त चांगलं देत नाही. मी उत्साहात सगळा हॉल रंगवून घेतला, पण पाणी तीनच भिंतींना लागलं होतं, ४,४०० गेले. नवी नळी आणि प्लंबरची मजुरी ८५०, तेही नाही, कारण जी वस्तू स्वतःच नादुरुस्त होऊन फुटली ती बदलण्याचा खर्च आपला. पाण्याने जे बिघडवलं तेवढंच त्यांचं. आणि भिजलेल्या गादी-प्लायच्या भंगाराचे ५०० वजा. हे कापणं मला पटलं. मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे क्लेममधून रुपया कापला की कंपनी चोर असं म्हणायची पद्धत आहे.

जे मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं, ते म्हणजे दिवाणातल्या फायली. मुलांच्या मार्कशीट, माझी नोकरीची पत्रं. कागदपत्रं आणि रोख पैसे या पॉलिसीत येत नाहीत. मार्कशीटच्या दुय्यम प्रतींसाठी घातलेले हेलपाटे वेगळेच. तेव्हापासून आमच्याकडे दिवाणात कागद ठेवायला बंदी आहे.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती खालच्या मजल्याची. माझं पाणी त्यांच्या छतातून उतरलं, पीओपी खराब झालं. मला वाटलं, माझा विमा आहे, त्यातून त्यांचंही होईल. तसं नाही. ही पॉलिसी माझ्या घराची, माझ्या सामानाची. दुसऱ्याच्या घराचं नुकसान तिच्यात बसत नाही. त्यांची पॉलिसी असती तर त्यांना त्यांच्या कंपनीकडून मागता आलं असतं. नव्हती. ज्या मुलाने सात सेकंदांचा व्हिडिओ घेऊन माझा क्लेम वाचवला, त्याच्याच घराचं छत, आणि त्यांना काही नाही. आम्ही दोघांनी बसून खर्च अर्धा-अर्धा केला. वहिनींनी तो विषय पुन्हा काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सोसायटीचाही विमा असतो, मग वेगळा कशाला, असं काहीजण विचारतात. आपल्या उपविधींप्रमाणे इमारतीचा विमा सोसायटीने उतरवायचा असतो, पण तो इमारतीचा. तुमची ट्रॉली, गादी, फ्रिज त्यात नाही. तसंच, बाहेरची सामायिक पाइपलाइन, टाकी, ड्रेनेज यांची दुरुस्ती सोसायटीची, घरातल्या नळापर्यंतची आपली. म्हणून फुटलेली जागा शाफ्टमधली आहे की सिंकखालची, हे फोटोत स्पष्ट दिसलं की कमिटीशी भांडणही अर्ध्यावर येतं.

शेवटी माझ्या जुन्या नोकरीतली एक गोष्ट. गृहकर्ज घेतलेल्या पुष्कळ सभासदांच्या घराचा विमा कर्ज देताना बँकेनेच उतरवून घेतलेला असतो आणि हप्ता खात्यातून गेलेला असतो. पॉलिसी कर्जाच्या फाइलमध्ये पडून राहते, घरमालकाला पत्ताही नसतो. अशा पॉलिसीत बहुधा बँकेचं नाव असतं, त्यामुळे क्लेमची रक्कम बँकेमार्फत येते, हे ध्यानात ठेवा. आणि कर्ज फिटलं की पॉलिसी संपली की चालू आहे, ती घराचीच आहे की सामानाचीही, हे कोणी बघत नाही. ज्यांच्याकडे अशी फाइल आहे त्यांनी ती घेऊन रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात यावं. मी चष्मा घेऊन बसलेला असेन. ती फुटलेली नळीही पिशवीसकट आणतो, ज्यांना चीर कशी दिसते ते बघायचं असेल त्यांच्यासाठी.